जिन्याला माल एका पायरीने कमी पडत होता

जुळे सोलापूरच्या साइटवर वरच्या पायरीला काँक्रीट पुरेना. हिशोबात वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची, लांबी आडवी, 2.5 मीटर धरली होती. ती उतारावर धरायची.

पायऱ्या 10, ट्रेड म्हणजे पाय ठेवायची आडवी बाजू 0.25, रायझर म्हणजे पायरीची उंची 0.16, जिन्याची रुंदी 1.2 मीटर. एका पायरीची तिरकी लांबी √(0.25² + 0.16²) = 0.297, दहांची 2.97 मीटर. स्लॅब 0.15 जाड: 2.97 × 0.15 × 1.2 = 0.534 घनमीटर. पायऱ्या त्रिकोणी, म्हणून निम्मे: ½ × 0.25 × 0.16 × 1.2 × 10 = 0.24. एकूण 0.774, आडव्या मापाने 0.69 येत होते. लँडिंग वेगळे.

जाडी मात्र उताराला काटकोनातच मोजा. मिस्त्री टेप उभा धरून 150 मिमी दाखवतो, तेव्हा खरी जाडी जेमतेम 126 असते. उभे माप 178 हवे.