एन्डसेमला किती हवेत: हिशेबाला बसण्याआधीची तयारी

मेसमधून परत आल्यावर प्राजक्ताने कॅल्सीवर काहीतरी बडवलं आणि म्हणाली, "एसओएमला मला 58 हवेत."

"मला 70," मी म्हटलं.

"70 कसे गं? तुझे इंटर्नल किती?"

"ए ग्रेड 70 ला लागते ना? मग पेपरात 70 हवेत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बीमला सपोर्टच दिलेला नाही. "अगं, 70 एकूण. पेपरात नाही. कागद आण."

त्या रात्री कागदावर जे उतरलं त्यावरून ही यादी लिहिते आहे. विषय एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, वर्ष दुसरं, दोघी सिव्हिलच्या, एकाच वर्गातल्या, ठरवलेली ग्रेडही तीच. तरी आमचे आकडे जुळत नव्हते आणि माझा तर सरळ चुकलेलाच होता.

पहिली गोष्ट जवळ घ्यायची ती म्हणजे त्या विषयाच्या सिलॅबसचं पहिलं पान. मार्कांची योजना तिथेच छापलेली असते आणि नेमकं तेच पान झेरॉक्सवाला गाळतो. आमचं कॉलेज ऑटोनॉमस आहे. इंटर्नल 20 (क्विझ 10, असाइनमेंट 10), मिडसेम 30 आणि एन्डसेम 50. आता मेख अशी की एन्डसेमचा पेपर लिहायचा 100 मार्कांचा आणि तो धरला जातो 50 मध्ये. म्हणजे पेपरातले दोन मार्क मिळवले की निकालात एक चढतो. उलट बाजूने पाहिलं तर क्विझमध्ये गेलेला एक मार्क पेपरातल्या दोन मार्कांनी भरून काढावा लागतो. हे सगळीकडे असं नसतं. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या 80-20 मध्ये, पुण्याच्या 2019 पॅटर्नच्या 30-70 मध्ये किंवा बाटूच्या 20-20-60 मध्ये पेपर जितक्याचा तितकाच धरतात, तिथे एकाला एक. माझी बहीण बाटूच्या कॉलेजात आहे. तिचं गणित मी तिला माझ्या पद्धतीने करून दिलं असतं तर तिला 60 च्या पेपरात 70 मार्क आणावे लागले असते.

दुसरी गोष्ट, हातातले मार्क. आठवणीतले नाहीत, पोर्टलवर दिसतात ते. प्राजक्ताची क्विझ 8, असाइनमेंट 9, मिडसेम 24. बेरीज 41. सत्तरातून 41 गेले, उरले 29, त्याची दुप्पट 58. माझी क्विझ 6, असाइनमेंट 8, मिडसेम 18, म्हणजे 32. उरले 38, पेपरात 76. आमच्या दोघींच्या हातात 9 मार्कांचा फरक, पण पेपरात तो 18 चा झाला. मिडसेमच्या दिवशी "जाऊ दे, 30 चीच तर आहे" असं म्हणून मी झोपले होते. ती झोप बरीच महागात पडली.

पण पोर्टल उघडलं तेव्हा माझ्या असाइनमेंटपुढे 8 नव्हतेच, 5 होते. 8 हा आकडा मी गृहीत धरला होता, कारण सगळ्या शीट दिल्या होत्या असं वाटत होतं. फाईल काढून पाहिली तर एसएफडी-बीएमडीची ग्राफशीट फाईलमध्येच, न तपासलेली, सही नाही. म्हणजे खरी बेरीज 29 आणि पेपरात हवे 82. तीन मार्कांच्या एका शीटने सहा मार्क चढवले. म्हणून यादीत हे ठळक: गणित करण्याआधी प्रत्येक घटकापुढचा आकडा फाईलमधल्या सहीशी ताडून पाहायचा आणि तफावत असेल तर इंटर्नल मार्क फ्रीझ होण्याआधी सरांकडे जायचं. ती तारीख नोटीस बोर्डावर लागते, पण एका कोपऱ्यात. मी दुसऱ्या दिवशी गेले. सरांनी शीट पाहिली, उशिराचा एक मार्क कापला आणि दोन दिले. 31 झाले. उरले 39, पेपरात 78. एका फेरीत चार मार्क कमी लिहावे लागणार होते, आणि चार मार्कांसाठी मी एरवी अख्खी संध्याकाळ एका थिअरीच्या प्रश्नावर घालवते.

तिसरी गोष्ट एक्झाम सेक्शनला किंवा सीनियरला विचारून घ्यायची: अपूर्णांकाचं काय करतात? प्राजक्ताला 57 पडले तर त्याचे 28.5 होतात आणि एकूण 69.5. हे वर ओढून 70 करतात का, आणि ओढत असतील तर एन्डसेमचे मार्क अर्धे करताना की शेवटच्या बेरजेला? इंटर्नलमध्येही अर्धा मार्क असेल तर या दोन पद्धतींत उत्तर वेगळं येऊ शकतं. वर ओढतात असं कळलं तरी तो मार्क हिशेबात धरायचा नाही, असं माझं मत. प्राजक्ताने 58 च लिहून ठेवले. त्याच खेपेला हेही विचारायचं की पेपरात स्वतंत्रपणे किमान किती लागतात. आमच्याकडे 100 पैकी 40. ज्यांचे इंटर्नल भरभक्कम आहेत ते एकूण 40 ची बेरीज बघून निर्धास्त होतात आणि पेपरात 36 पडून केटी लागते.

जिथे रिलेटिव्ह ग्रेडिंग आहे, म्हणजे सगळ्या वर्गाचे मार्क आल्यावर ग्रेडची रेघ मारतात, तिथे ही वजाबाकी चालत नाही. आयआयटीतल्या मैत्रिणीला मी हा कागद पाठवला तर ती हसली. तिला रेघ कुठे पडणार हेच माहीत नसतं.

चौथी गोष्ट, क्रेडिट. इथे मी थोडक्यात सांगते. ए ग्रेडला 8 पॉइंट, बी प्लसला 7. एसओएम 3 क्रेडिटचा, सेमिस्टर 20 क्रेडिटचं. म्हणजे बी प्लसऐवजी ए आली तर एसजीपीए 3 भागिले 20, म्हणजे 0.15 ने वाढतो. एक क्रेडिटच्या लॅबमध्ये तीच एक ग्रेड चढवली तर 0.05. लॅबच्या जर्नलला रंगीत बॉर्डर आखत बसण्याआधी हा भागाकार करावा.

आता आकडा हातात आला. पण 78 हा नुसता आकडा पाहून काही अभ्यास होत नाही, तो पेपरावर पसरावा लागतो, आणि यादीतलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच. आमच्या पेपरात पाच युनिट, प्रत्येकी 20 मार्क: साधे ताण-विकृती, एसएफडी-बीएमडी, बीममधले बेंडिंग आणि शिअरचे ताण, टॉर्शन आणि कॉलम, शेवटी प्रिन्सिपल स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन. प्राजक्ताने तीन युनिट चांगली केली आणि प्रत्येकात 16 मिळवले तरी 48 होतात. उरलेल्या दोन युनिटमधून मिळून 10 आणायचे, तेवढे सूत्र, आकृती आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरही मिळतात. तिला एक युनिट ऑप्शनला टाकणं परवडतं. मी एक युनिट टाकलं आणि तिथून कसेबसे 4 आणले, तर बाकी चार युनिटमधून 80 पैकी 74 हवेत. प्रत्येकी साडेअठरा. एवढे मार्क मी आयुष्यात एकाही युनिटला मिळवले नाहीत. पाचही केली तर प्रत्येकी 15.6 वर भागतं. ते जमण्यासारखं आहे. मला जास्त हवेत म्हणून मी आवडत्या युनिटमध्ये आणखी खोल जाणार होते, पण माझा आकडा सांगत होता की नावडत्याला हात घाल.

हे आकडे अंदाजाने भरायचे नाहीत. मागच्या दोन वर्षांचे पेपर घ्यायचे, घड्याळ लावून सोडवायचे आणि एकमेकींचे तपासायचे. स्वतःचा तपासला की "हे तर येत होतं" म्हणून मार्क दिले जातात. प्राजक्ताने माझा पेपर तपासला तेव्हा 61 आले. 17 कमी. ते कुठे गेले हे तिने समासात लिहिलं होतं. सहा मार्क एसएफडीत. उजव्या टोकाला आकृती शून्यावर येऊन बंद झालीच नव्हती, म्हणजे रिअ‍ॅक्शनच चुकलेल्या, आणि त्यावर मी बीएमडी सुखाने काढत गेले होते. टोक बंद होतंय का एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं. चार मार्क एककांत, मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये ठेवून सेक्शन मॉड्युलस घन मिलिमीटरमध्ये घातला, त्यामुळे ताणाच्या उत्तरात दहा लाखांचा फरक. उरलेले सात कॉलमच्या गणितात. दोन्ही टोकं फिक्स्ड होती, तिथे परिणामी लांबी निम्मी धरायची. मी ती दुप्पट धरली, जी एक टोक फिक्स्ड आणि एक मोकळं असलं की लागते. ऑयलरच्या सूत्रात लांबीचा वर्ग छेदात असतो, म्हणून माझ्या कॉलमने खऱ्यापेक्षा सोळापट कमी भार घेतला.

म्हणजे 17 पैकी 10 मार्क मला येत असलेल्या गोष्टींतून गेले होते. उरलेले सात त्या युनिटमध्ये, जे मी टाकणार होते.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही दोन आकडे चिकटवले. तिचा 58. माझा 82 खोडून 78. खाली पाच युनिट आणि प्रत्येकापुढे सध्या किती येतात, किती हवेत. पेन्सिलीने, कारण दुसरा पेपर सोडवल्यावर ते बदलले.

"मग तू टॉर्शन-कॉलम टाकतेयस ना?" मी विचारलं.

"टाकलंच होतं. सूत्रं तेवढी पाठ करीन."

"मला नाही टाकता येत."

तिने वही ओढून घेतली. "मग आत्ता बस आणि मला शिकव. तुझं पक्कं होईल, माझे दोन-तीन वाढतील. एन्ड कंडिशनपासून. आणि दुप्पट कुठे, निम्मी कुठे, ते आधी सांग."