दुकानातली गप्पी मादी आधीच गाभण असते

मागच्या दिवाळीच्या आधी मी ६२ मासे चार पिशव्यांत भरून धनकवडीहून स्कूटरवर एका पेट शॉपमध्ये नेले. साडेतीन महिने वाढवलेला माझा पहिला लॉट. दुकानदार काकांनी पिशवी उजेडात धरली, एकदा फिरवली आणि म्हणाले, "ताई, हा मिक्स माल आहे. चार रुपये नग देतो. तेही खाद्याच्या पाकिटात वळते करून घ्या." मी त्यांना सांगत राहिले की हे फुल रेडचे आहेत, मी स्वतः लाल नर आणि लाल मादी आणली होती. त्यांनी काही न बोलता पिशवीतल्या एका नराकडे बोट दाखवलं. डोक्याकडून राखाडी, शेपटीवर काळे-पिवळे ठिपके. बासष्टमध्ये पूर्ण लाल नर नऊ होते.

टाकी कशी लावायची, स्पंज फिल्टर म्हणजे काय, गप्पी अंडी न घालता थेट पिल्लं देते, हे तुम्हाला माहीत असणार. मला अडकवलं ते पुढच्या एका गोष्टीने, म्हणून तीच जरा लांबवून सांगते.

गप्पीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. एकदा नर लागला की त्या साठ्यावर ती कित्येक महिने, पाच-सहा वेळा पिल्लं देऊ शकते. साधारण चार आठवड्यांनी एकदा. दुकानातल्या टाकीत पाच जातींचे नर तिच्या मागे फिरत असतात. तुम्ही तिथून 'जोडी' उचलता तेव्हा शेजारचा लाल नर पिल्लांचा बाप असेलच असं नाही. पहिली पिल्लं मिसळ आली तेव्हा मला वाटलं, जुनं काहीतरी पोटात असेल, पुढची नीट येतील. २८ दिवसांनी दुसरी आली, तीही तशीच. मग मी ओळखीच्या ब्रीडरकडून चांगला फुल रेड नर आणून तिच्याबरोबर सोडला. नव्या नराची पिल्लं जास्त येतात हे खरं, पण जुन्या साठ्यातली चार-दोन मधे येतच राहतात आणि कोणतं पिल्लू कोणाचं ते दोन महिने कळत नाही. दरम्यान टाकी भरते, खाद्य संपतं.

त्यात भर म्हणजे मादीकडे बघून काही समजत नाही. गप्पीचे बरेचसे रंग बापाकडून थेट मुलाकडे जातात आणि मादीच्या अंगावर फारच थोडे उमटतात. शेपटीला जरा लाली दिसली म्हणून ती फुल रेडची होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: विकण्यासाठी करणार असाल तर पेट शॉपच्या मिक्स टाकीतली मादी घेऊच नका. एकच स्ट्रेन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी येणारी जात, वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्याकडे जा, आणि शक्यतो दीड महिन्याची, नरांपासून वेगळी काढलेली पिल्लं मागा. मोठी जोडी लगेच पिल्लं देते म्हणून आकर्षक वाटते. मीही त्यालाच भुलले होते.

चांगली मादी मिळाली तरी हाच सापळा तुमच्याच घरात पुन्हा लागतो, तोही उशिरा वेगळं केल्यामुळे. मी दोन स्ट्रेनची पिल्लं एका टाकीत वाढवत होते आणि 'रंग दिसायला लागले की काढू' म्हणून थांबले. नराच्या अंगावर रंग नीट चढेपर्यंत पाच-सहा आठवडे जातात आणि तोवर काही नर कामाला लागलेले असतात. वेगळं करायचं ते तिसऱ्या आठवड्यात, रंग यायच्या आधी.

मी आता असं करते. पिल्लं १५-१६ दिवसांची झाली की पाच-सहा एका काचेच्या पेल्यात घेते आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावते. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला, खालच्या पराच्या जरा वर, धुरकट डाग दिसतो. हा गाभण मादीतही असतो आणि कोवळ्या मादीतही, त्यामुळे डाग बघून घाबरू नका. डाग दिसला की ती मादी, ती वेगळ्या टाकीत. मग त्या मादीच्या टाकीवर दर तीन दिवसांनी नजर टाकायची, ती पोटाखालच्या पराकडे. मादीचा पर पंख्यासारखा तिकोनी राहतो. नराचा हळूहळू अरुंद होतो, काडीसारखा लांबतो आणि मागे वळतो. पर नुसता टोकदार वाटला तरी त्याला लगेच बाहेर काढा. थांबून खात्री करायची नाही. एक उशिरा उमललेला नर राहून गेला तर त्या टाकीतली प्रत्येक मादी संशयित होते, मग त्यातली कुठलीही 'शुद्ध' म्हणून देता येत नाही. अल्बिनो जातीत हा डाग फिका असतो, तिथे परावरच भरवसा ठेवा. मादीची टाकी दोन-अडीच महिने पिल्लांशिवाय राहिली तर तुमची निवड बरोबर होती असं समजा.

वाचताना हे फार किचकट वाटेल. हाताला सवय झाली की ३० पिल्लं तपासायला वीस मिनिटं पुरतात. पहिल्या दोन वेळा चुका होतील, त्याने धंदा बुडत नाही.

खर्चाचं सांगते. १८ बाय १२ बाय १२ इंची सहा टाक्या ४,२०० रुपयांना झाल्या. जुन्या लोखंडी अँगलचा रॅक १,८००, सहा स्पंज फिल्टर ९००, एअर पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह १,३००, तीन हीटर १,३५०, अमोनियाचा टेस्ट किट ७५०, मासे १,६००, खाद्य आणि आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जिवाची अंडी ६००. एकूण १२,५००. सहापेक्षा कमी टाक्यांत स्ट्रेन सांभाळता येत नाही असं माझं मत आहे, कारण मोठी जोडी, पिल्लं, नर, मादी आणि आजारी मासा यांना वेगळी जागा लागतेच, आणि एक टाकी मोकळी हवी. तीही एकाच स्ट्रेनसाठी. अशी एक टाकी भरली की ४० किलोच्या आसपास वजन होतं, सहा मिळून अडीचशे किलोंच्या घरात. रॅक गॅलरीच्या कठड्याकडे न लावता घराच्या भिंतीला लावा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो तेव्हा हीटर नसेल तर माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आलाच समजा. पाणी २५ ते २७ अंश राहू द्या.

आता पाणी. आमच्या सोसायटीत एक निवृत्त आजोबा आहेत, तीस वर्षं मासे पाळतात. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "फिल्टर नळाखाली धुवू नकोस." मी ऐकलं नाही. तिसऱ्या महिन्यात स्पंज काळा पडलेला पाहून नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. दोन दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले, शेपट्या मिटून एका रेघेसारख्या झाल्या. टेस्ट किटच्या नळीत पिवळा असायला हवा तो रंग हिरवा आला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्या काळ्या स्पंजातच राहतात. नळाच्या क्लोरीनने मी ते मारून टाकले होते. अकरा मासे गेले. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, तोही दोनदा दाबून सोडायचा.

नव्या टाकीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या जिवाणूंवर माझा विश्वास नाही. चालू, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज कोणी दिला तर तो त्या बाटलीपेक्षा मोलाचा. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, ड्रममध्ये एअर स्टोन लावून २४ तास ठेवलेलं. आणि स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी नको. गप्पीला क्षार असलेलं, जरा जड पाणी मानवतं. मऊ पाण्यात ती जागच्या जागी थरथरत राहते. मी फिल्टरच्या डब्यात धुतलेले शिंपले टाकते, तेवढं पुरतं.

पिल्लांना आई-बाप खातात हे ठाऊक असेलच. ब्रीडिंग बॉक्समध्ये मादीला दोन-दोन दिवस कोंडण्यापेक्षा टाकीत जावा मॉसचा दाट गुच्छ सोडा. पिल्लं त्यात दडतात, सकाळी चमच्याने उचलायची. पहिले दहा दिवस ताजा उबवलेला आर्टेमिया मिळाला तर वाढीत दिसण्याइतका फरक पडतो. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण चिमूटभर जास्त पडला की त्याच दिवशी पाणी नासतं.

विक्रीबद्दल कोणी सरळ बोलत नाही, म्हणून सांगते. मिक्स गप्पी चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि कोलकात्याहून इतकी स्वस्त येते की आपण त्या भावात स्पर्धा करूच शकत नाही. दुकानदाराला आपल्याकडून हवी असते ती एकसारखी जोडी, तीही दर महिन्याला. दुकान १२० ला विकतं त्या फुल रेड जोडीचे मला ६० मिळतात. दोन दुकानं मिळून महिन्याला २५ जोड्या घेतात, म्हणजे १,५००. खाद्य आणि वीज धरून ६०० जातात, उरतात ९००. घातलेले पैसे निघायला चौदा महिने लागतात, तेही काही मेलं नाही तर. 'महिन्याला तीस हजार' सांगून दोन दिवसांचा कोर्स विकणाऱ्यांकडे जाऊ नका. मी एकाला अडीच हजार दिले, आणि मादी बीज साठवते हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

दुकानात पहिल्यांदा जाताना मासे नेऊ नका. दोन नर आणि दोन मादी यांचे बाजूने काढलेले फोटो न्या आणि त्यांच्या टाकीतल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, विचारून या. माझा दुसरा लॉट तिथे तीन दिवसांत मेला, कारण माझं पाणी ४५० चं होतं आणि त्यांचं १५० चं. आता मी देण्याआधी दहा दिवस मासे वेगळ्या टाकीत घेते आणि रोज थोडं मऊ पाणी घालून टीडीएस त्यांच्या आकड्याजवळ आणते. देण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद, पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि पहिल्या ४८ तासांत मेलेले मासे बदलून देण्याचं मी स्वतःच आधी सांगते. पैसे मात्र हातोहात. एकदा उधारी सुरू झाली की पुढच्या खेपेला भाव ते ठरवतात.

काढून टाकायचे, पाठ वाकडी असलेले किंवा मिसळ रंगाचे मासे ओढ्यात वा तलावात सोडू नका. गप्पी गटाराच्या पाण्यातही तग धरते, म्हणून तर मलेरिया विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी ती टाक्यांत आणि डबक्यांत सोडतो. पण कुठे सोडायची ते त्यांना ठरवू द्या. माझे मिसळ मासे मी अजूनही त्याच काकांना चार रुपयांनी देते. मागच्या आठवड्यात लाल जोड्यांची पिशवी त्यांनी तशीच उजेडात धरली आणि विचारलं, "यातल्या माद्या कधी वेगळ्या केल्या होत्या?" मी म्हटलं, सतराव्या दिवशी. त्यांनी १४ जोड्यांचे पैसे मोजून दिले आणि पुढच्या महिन्यासाठी नुसत्या सहा माद्या वेगळ्या मागितल्या.