जुन्या खुराड्यात कोरडा झाडू घालू नका

पाऊस तोंडावर आला की अडगळीच्या शेडची दारे उघडतात. खते, बियाणे, अवजारे ठेवायला जागा हवी असते, म्हणून कित्येक वर्षे बंद असलेले खुराडे किंवा माळा एका सकाळी झाडून काढायचा बेत ठरतो. या हंगामात माझे सांगणे एकच आहे: तिथे कोरडा झाडू घालू नका. बाकीची कामे दोन दिवस मागे पडली तरी चालतील.

पक्ष्यांची शीट आणि वटवाघळांच्या लेंड्या पडून पडून जी काळी, भुसभुशीत माती तयार होते, तिच्यात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढते. आजच्या ताज्या शिटेची भीती नाही. कोंबड्या-कबुतरांच्या अंगाची उष्णता इतकी असते की ही बुरशी त्यांना बाधत नाही. त्यांची शीट फक्त मातीला तिच्या सोयीचे खत पुरवते. वटवाघळांना मात्र ती होते आणि त्यांच्या लेंड्यांतूनही बाहेर पडते. धोका साचलेल्या, दोन-तीन वर्षांहून जुन्या थराचा. तिचे बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचणारे. धूळ बसली, डोळ्यांना हवा स्वच्छ दिसली, तरी ते तरंगतच असतात.

एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे. दोन भावांनी सात वर्षे बंद असलेले खुराडे एका दिवसात खरवडून काढले. वर पत्र्याखाली वटवाघळे, खाली वीतभर थर. फावडे, खराटा, तोंडाला रुमाल. दहाव्या दिवशी दोघांना एकदमच ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे. धाकटा पंधरा दिवसांत औषधाशिवाय बरा झाला. बहुतेकांचे असेच होते, अनेकांना तर काही जाणवतही नाही. थोरल्याची फुप्फुसे वर्षानुवर्षांच्या धूम्रपानाने आधीच खराब. त्याचा खोकला हटेना. वजन उतरले, संध्याकाळचा ताप, रात्री घाम. चार महिन्यांनी एक्स-रे काढला, तर फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळ्या. कोणीही टीबीच म्हणेल. थुंकी दोनदा तपासली, जंतू सापडले नाहीत, तरी एक्स-रे पाहून टीबीची औषधे सुरू झाली. दोन महिने गोळ्या घेऊन काडीचा फरक नाही. मग दुसऱ्या एका डॉक्टरने विचारले, "आजारी पडण्याआधी काय साफ केले होते?" तोवर खुराड्याचा विषय कोणी काढलाच नव्हता. दुर्बिणीने फुप्फुसातला नमुना घेतला, आणि चार आठवड्यांनी त्यात बुरशी उगवली. त्या वर्षी त्यांची पेरणी झालीच नाही. पीक किडीने गेले असते तर निदान शेजाऱ्यांनी विचारपूस तरी केली असती.

ही गफलत जुनी आहे. १९०५ साली पनामात डॉ. सॅम्युएल डार्लिंग यांनी या रोगाचा पहिला रुग्ण शवविच्छेदनात पाहिला, तेव्हा फुप्फुसातले दाणे त्यांनाही क्षयासारखेच दिसले होते. आणि कोरड्या झाडूचे म्हणाल, तर १९७० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वसुंधरा दिनानिमित्त एका शाळेचे अंगण झाडले, दाताळ्याने उकरले. तिथे पूर्वी पक्ष्यांचा थवा बसत असे. पुढच्या काही आठवड्यांत ३८४ जण आजारी पडले. झाडू हातात न घेतलेलेही त्यात होते, कारण धूळ इमारतीत ओढली गेली.

आता साफसफाई. आदल्या संध्याकाळी फवारणी पंपाने बारीक तुषार मारा. जोराची धार मारली की पाणीच धूळ उडवते. नुसते पाणी वाळलेल्या थरावरून ओघळते, म्हणून पंपात चमचाभर धुण्याची पावडर टाका. हे प्रमाण माझ्या अंदाजाचे, पण पाणी मुरते. खरी चूक पुढे होते. वरचा दोन बोटे थर भिजतो, खालचा पिठासारखा कोरडाच राहतो, आणि फावडे आत गेले की तोच उडतो. त्यामुळे भिजलेला थर काढा, थांबा, पुन्हा भिजवा, मग पुढचा थर. माझी खूण अशी: मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. ओला माल जाड पिशव्यांत भरून तोंड बांधा. शेतात वाळवून उधळू नका.

बाकी नेहमीचे:
– लहान मुले, गरोदर बाई, दमेकरी, एचआयव्हीबाधित, स्टिरॉइड घेणारे, अवयव बसवलेले: लांब
– पंखा, ब्लोअर बंद
– कपडे शेडबाहेरच काढून पिशवीत, लगेच आंघोळ
– वटवाघळांची भोके पिल्ले उडू लागल्यावरच बुजवणे

मास्कबद्दल दोन शब्द. रुमाल म्हणजे काहीच नाही. थोडीच घाण असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ ठीक. दाढी असेल तर तो बसत नाही. बंद जागेत वीतभर थर असेल तर तोही अपुरा. तिथे पूर्ण चेहरा झाकणारा, फिल्टर बसवलेला मुखवटा लागतो. तो मिळत नसेल तर हे काम साधने असलेल्या माणसांकडून करून घ्या किंवा त्या जागेला कुलूप लावा. अशी जागा वर्षानुवर्षे दूषित राहू शकते, पण न ढवळलेला थर सहसा कोणाला आजारी पाडत नाही.

दुकानदार या दिवसांत जंतुनाशकाचे कॅन पुढे सरकवतो. जमिनीत मुरलेली ही बुरशी हमखास संपवणारे औषध त्या कॅनमध्ये नाही. फॉर्मेलिन तर बंद शेडमध्ये तुमचेच डोळे नि श्वास जाळेल. ते पैसे मुखवट्याला घाला.

एवढे करूनही साफसफाईनंतर ३ ते १७ दिवसांत ताप-खोकला आला, आणि विशेषतः सोबत काम केलेले दोघे-तिघे एकदम पडले, तर डॉक्टरांना तारखेसह सांगा: कुठे, किती जुनी घाण, किती तास. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. सगळ्यांनी एकाच जागेतून घेतलेला असतो. पण खोकला लांबला तर आधी टीबीची तपासणी करायचीच, कारण टीबी कितीतरी जास्त आढळतो आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. थुंकीत टीबी सापडत नसेल, औषधाने उतार नसेल, तर बुरशीसाठी लघवी-रक्तातील प्रतिजन तपासणी आणि कल्चर यांबद्दल विचारा.

थोरल्या भावाला इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध दिले: पहिले तीन दिवस २०० मिलिग्रॅम तीनदा, मग दिवसातून दोनदा, वर्षभर. पोकळ्या असलेल्या रुग्णाला निदान एवढा काळ लागतोच. हे डॉक्टरच्या हातचे औषध आहे, हृदय कमजोर असलेल्याला ते घातक ठरू शकते. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची. पित्ताच्या गोळीने ती नीट शोषली जात नाही. आणि टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी इतकी खाली जाते की ते घेऊन न घेतल्यासारखेच. थोरल्याने घरी उरलेल्या टीबीच्या गोळ्या "वाया कशाला घालवा" म्हणून महिनाभर सोबत चालूच ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवली, तेव्हा ते कळले.