समुद्री शेवाळ भिजवताना या चुका टाळा: नोरी, कोम्बू, वाकामे आणि बिनमटणाचा पांढरा रस्सा

सुकं समुद्री शेवाळ हल्ली कोल्हापुरातही मिळतं. मोठ्या दुकानांच्या परदेशी मालाच्या फळीवर असतं, नाही तर ऑनलाइन मागवता येतं. पाकीट घरी आलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे हरभरे किंवा मटकी भिजवावी तसं ते रात्रभर पाण्यात टाकतात. सकाळी नोरीचा लगदा झालेला असतो, वाकामे भांड्याबाहेर आलेलं असतं आणि कोम्बू मात्र बरं निघतं. मग दोष शेवाळाला जातो. खरं तर ही तीन वेगळी शेवाळं आहेत आणि तिन्हींचं पाण्याशी नातं वेगळं आहे.

भिजवायचं कोणतं, कोणतं नाही

नोरी म्हणजे सुशीवरची पातळ, काळपट हिरवी, कागदासारखी पत्रावळ. ती भिजवायचीच नसते. लाल शेवाळाचा लगदा पसरून, वाळवून आणि भाजून ती बनवतात, त्यामुळे पाकिटातून निघते ती खायला तयार असते.

वाकामे आणि कोम्बू दोन्ही केल्प गटातले, म्हणजे तपकिरी शेवाळ. वाकामेचे बारीक सुके तुकडे मिळतात. ते भिजवून पानासकट खायचे असतात. कोम्बू जाड आणि चामड्यासारखं. जपानमध्ये ते मुख्यतः होक्काइदोच्या किनाऱ्यावर येतं. त्याचा खरा उपयोग पाण्यात चव उतरवण्यासाठी, पान खाणं नंतरची गोष्ट. पाकिटावर नुसतं 'केल्प' लिहिलेलं असलं तर आत काय आहे ते बघूनच ठरवा. कोरियन पाकिटांवर गिम म्हणजे नोरी, मियोक म्हणजे वाकामे आणि दाशिमा म्हणजे कोम्बू.

शाकाहारी घरात आणखी एक काळजी घ्यावी. मसाला लावलेल्या नोरीत कधीकधी मासळीचा किंवा कोळंबीचा अर्क असतो. हिरवी खूण बघा आणि घटकांची यादीही वाचा.

कोम्बूवरची पांढरी पूड धुऊन टाकणे

ही सगळ्यांत महागाची चूक. कोम्बूवर पांढरट थर दिसला की बुरशी समजून नळाखाली घासून धुतात. हा थर बहुतेक वेळा मॅनिटॉल नावाच्या गोडसर पदार्थाचा असतो. तो धुतला की पृष्ठभागावर आलेली चवही मोरीत जाते. ओलसर फडक्यानं हलकं पुसलं, वाळूचा कण असेल तर झटकला, एवढं पुरे.

बुरशीची शंका असेल तर बोट ओलं करून त्या पांढऱ्यावर फिरवा. मॅनिटॉल विरघळतो आणि खाली गुळगुळीत काळपट पान दिसतं. बुरशी मात्र केसाळ असते, ठिपक्या-ठिपक्यांनी येते, हिरवी किंवा करडी छटा दाखवते आणि कुबट वास मारते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवेत एवढी ओल असते की उघड्या पाकिटात खरी बुरशीही धरू शकते. तसं दिसलं तर घासत बसू नका, फेकून द्या.

खळखळून उकळणे

मटणाच्या अळणीला उकळ्या लागतात, म्हणून कोम्बूलाही तसंच रटरटत ठेवलं जातं. इथं सगळं बिघडतं. कोम्बूत ग्लुटामेट भरपूर असतं. १९०८ साली किकुने इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं कोम्बूच्या पाण्यातूनच ते वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. ही चव थंड आणि कोमट पाण्यातही छान उतरते. पाणी उकळायला लागलं की पानातले चिकट पदार्थ आणि कडवट, उग्र समुद्री वासही पाण्यात येतो.

बिघडलं आहे हे असं कळतं: चमचा वर उचलला की पाणी तार धरतं आणि जिभेच्या मागच्या भागावर कडवटपणा रेंगाळतो. कडवटपणा परत काढता येत नाही. पण ते पाणी टाकायचीही गरज नाही. दुप्पट साधं पाणी घालून कांदा-खोबऱ्याच्या झणझणीत तांबड्या रश्श्यात वापरा, तिथं चिकटपणा दाटपणात मिसळून जातो. पांढऱ्या रश्श्यात मात्र ते चालणार नाही.

पाणी कोणतं, हेही बघा. बोअरचं जड पाणी घेतलं तर चव नीट उतरत नाही आणि वर फेस-मळी येते. पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या.

एक उदाहरण: श्रावणातला पांढरा रस्सा

वार पाळणाऱ्या घरात श्रावणात पांढरा रस्सा करायचा तर अडचण अळणीची. नुसतं नारळाचं दूध आणि काजू घेतले तर रस्सा गोडसर, खिरीच्या वाटेनं जातो. खाली काहीतरी खारट-गंभीर लागतं आणि ते काम कोम्बू करतं. मटणाची चव येणार नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका. येईल तो भरीवपणा.

पाच-सहा जणांसाठी १ लिटर पाण्याला ५ ग्रॅम कोम्बू घ्या. काटा नसेल तर तळहाताच्या निम्म्याएवढा तुकडा. जपानी पद्धतीत लिटरला साधारण १० ग्रॅम घेतात, मी मुद्दाम निम्मं सांगते, कारण पुढं येईलच. रात्री पातेल्यात पाणी घालून कोम्बू बुडवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर अर्धा-पाऊण तास बाहेर भिजवा. मग कोम्बूसकट अगदी मंद आचेवर ठेवा. पातेल्याच्या तळाशी आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले, पण पाणी अजून हललेलं नाही, अशा वेळी चिमट्यानं कोम्बू बाहेर काढा. हा टप्पा चुकतो तो फोन वाजल्यामुळं. शेगडीसमोरून हलू नका. पाणी फिकट पिवळं आणि पारदर्शक असायला हवं. चमचाभर चाखलं तर मिळमिळीत वाटेल, पण त्यातच चिमूटभर मीठ घालून पुन्हा चाखा. चव एकदम उभी राहते.

हातात सुके शिताके मशरूम असतील तर दोन-तीन वेगळ्या गार पाण्यात भिजवून ते गाळलेलं पाणीही यात घाला. मटणात ग्लुटामेटच्या जोडीला इनोसिनेट असतं आणि दोन्ही मिळून चव कितीतरी पटीनं वाढवतात. शाकाहारात ती जोडी सुक्या शिताकेतल्या ग्वानिलेटशी जमते. ताज्या बटण मशरूमनं तेवढा फरक पडत नाही.

पुढचं आपल्या हाताखालचंच आहे. २ मोठे चमचे काजू, १ चमचा खसखस आणि १ चमचा पांढरे तीळ भिजवून गंधासारखे वाटा. तुपात लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, मग आलं-लसूण आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या घाला. वाटण मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. कोम्बूचं ३ कप गरम पाणी घालून पाच-सहा मिनिटं शिजवा. नारळाचं दूध सगळ्यांत शेवटी घाला. ते घातल्यावर उकळी नको, नाही तर फाटतं. मीठही शेवटीच घाला आणि नेहमीच्या निम्म्यानं सुरुवात करा, कारण कोम्बू मुळातच खारट असतं.

उरलेला कोम्बूचा तुकडा लांबट पातळ चिरून मऊ होईपर्यंत आमटीत शिजवा. थोडं चिवट लागतं, घेवड्याच्या शेंगेसारखं. आवडलं नाही तर कुंडीत घाला, चुकल्यासारखं वाटून घेऊ नका.

आयोडिनचा हिशेब न करणे

कोम्बूचं पाणी रोज आमटी-भातात घालणं ही चूक बाकीच्या सगळ्यांपेक्षा गंभीर. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतं आणि ते आपल्या आयोडिनयुक्त मिठातून मिळतंच. सुक्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मायक्रोग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही जास्त आयोडिन असतं. पान काढून टाकलं म्हणून सुटका होत नाही, कारण आयोडिन पाण्यात चटकन उतरतं. म्हणून वर ५ ग्रॅमच घ्यायला सांगितलं. निरोगी माणसानं कधीतरी वाटीभर रस्सा प्यायला तर बिघडत नाही, पण तो सवयीचा पदार्थ नाही. थायरॉइडचं औषध चालू असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोम्बू घेऊ नये आणि लहान मुलांनाही देऊ नये. नोरीत आयोडिन त्या मानानं खूप कमी असतं.

हिजिकी नावाचं काळं, काड्यांसारखं शेवाळ दिसलं तर ते सोडूनच द्या. त्यात अकार्बनी आर्सेनिक जास्त असतं आणि ब्रिटनच्या अन्न विभागानं ते खाऊ नका असंच सांगितलं आहे.

वाकामे मूठभर घेणे

वाकामे भिजल्यावर वजनात साधारण दहापट होतं. दोन जणांच्या कोशिंबिरीला एक मोठा चमचा सुके तुकडे पुरे. गार पाण्यात पाच मिनिटं भिजवा, हिरवं आणि मऊ झालं की लगेच निथळून मुठीत हलकं पिळा. अर्धा तास राहिलं तर बुळबुळीत होतं आणि मग काही केल्या सावरत नाही. काकडी, दाण्याचं कूट, लिंबू आणि हिंग-मोहरीची फोडणी, एवढ्यावर ही कोशिंबीर छान होते. मीठ आधी घालू नका, चाखून घाला.

नोरी सादळणे

कोल्हापूरच्या पावसात पाकीट उघडं राहिलं की नोरी अर्ध्या तासात चिवट होते. फेकू नका. तवा मंद तापवून एकेक पत्रावळ दोन्ही बाजूंनी पाच-दहा सेकंद फिरवा. गार झाल्यावर मोडून बघा, कट्कन आवाज आला की झालं. रंग तपकिरी व्हायला लागला तर जळतेय असं समजा, चव कडवट होईल. उरलेली हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुडीसकट ठेवा.

रोजच्या वापराला नोरी भडंगात फार चांगली लागते. फोडणीत टाकायची नाही, गरम तेलात ती क्षणात करपते. भडंग पूर्ण गार होऊ द्या, मग खाण्याच्या वेळी मोठ्या वाटीला एक पत्रावळ हातानं चुरून वरून मिसळा. लसूण आणि शेंगदाण्याशी तिचं जमतं. डब्यात भरून ठेवायचं असेल तर आधी मिसळू नका, चुरमुऱ्याच्या आधी नोरीच सादळते.