जुन्या खरेदीखताच्या टंकलिखित प्रतीत सही, शिक्का, निशाणी कशी दाखवली

खरेदीखताचा मजकूर टाइप झाला, अडलं शेवटच्या पानावर. सहीच्या जागी नाव टाकलं की सही वाचता आली असं भासे. जागा कोरी ठेवली की सहीच नव्हती असं. 'सही/-' लिहिलं तर शिक्क्यांचं काय? वैताग नुसता.

जमलं ते असं. आधी चौकटी कंस फक्त माझ्या नोंदींसाठी राखले आणि तसं प्रतीच्या माथ्यावर लिहिलं. मग प्रत्येक खूण जिथे आहे तिथेच, दिसते तेवढीच नोंदली:

[सही, मोडी, अवाच्य]

सहीखाली कारकुनाने नाव लिहिलेलं असेल तर ते कंसाबाहेर, कारण तो दस्ताचाच मजकूर. सही न येणाऱ्याने सहीऐवजी नांगराची खूण केली तिथले 'निशाणी नांगर' हे शब्द जसेच्या तसे, शेजारचं नांगराचं चित्र कंसात. शिक्क्याचं असं:

[गोल शिक्का, जांभळी शाई, ओळ ३ वर, वाचता येते: 'सब-रजिस्ट्रार', पुढे पुसट]

पुढचं गाव ठाऊक होतं, तरी तिथे भरलं नाही. दस्तात इतरत्र ते येतं, एवढंच तळटीपेत दिलं. बिनशाईचा, उठावाचा शिक्का स्कॅनमध्ये बहुधा हरवतो, म्हणून मूळ कागद तिरक्या उजेडात धरून पाहावा.