सोलरच्या वायरीला हात लावण्याआधी: मेन स्विच बंद केल्यावरही छतावर काय चालू राहतं?

मेन स्विच बंद केला की घरातली वीज जाते, पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा इन्व्हर्टरही थांबतो. पण ऊन आहे तोवर पॅनल वीज तयार करतच राहतात, आणि पॅनलपासून खालच्या डीसी आयसोलेटरपर्यंतची, म्हणजे पॅनलकडून येणारी वायर तोडणाऱ्या स्विचपर्यंतची केबल तशीच जिवंत असते. छतावर आग विझवायला चढलेल्या जवानाला आणि दुरुस्तीला चढलेल्या कारागिराला खरा धोका याच तुकड्यात आहे.

दहा पॅनलची एक स्ट्रिंग घेऊ. भार नसताना प्रत्येक पॅनल सुमारे ४९ व्होल्ट देतं. दहा पॅनल एकामागून एक जोडलेली, म्हणजे दोन टोकांमध्ये ४९० व्होल्ट. सिस्टीम चालू असताना हा आकडा ४१० च्या आसपास असतो. म्हणजे इन्व्हर्टर बंद केल्यावर प्रवाह थांबतो, पण व्होल्टेज उलट वाढतं. थंडीच्या सकाळी ते ५०० च्याही वर जातं.

शिवाय ही वीज डीसी आहे. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. डीसीला असा शून्य नसतो. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर दोन टोकांमध्ये ज्वाळेसारखा आर्क उभा राहतो आणि अंतर बरंच वाढेपर्यंत तुटत नाही. पॅनलच्या केबल जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरवर भार असताना उघडू नका अशी सूचना असते, ती याचसाठी. सैल क्रिंपिंग, दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसवलेले कनेक्टर, पाणी शिरलेला आयसोलेटर, पत्र्याच्या धारेवर घासलेली केबल यांतूनही असाच आर्क सुरू होतो. छतावरच्या आगीचं मूळ बरेचदा अशाच ठिकाणी सापडतं.

बंद करण्याचा क्रम

आधी एसी बाजूचा ब्रेकर बंद करा. त्याने इन्व्हर्टर वीज घेणं थांबवतो आणि डीसी केबलमधला प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो. मग डीसी आयसोलेटर बंद करा, म्हणजे त्याच्या संपर्कांवर आर्कचा ताण येत नाही. चांगला आयसोलेटर भारावरही उघडता येतो आणि संकटात तसं करायला हरकत नाही. रोजची सवय मात्र एसी आधी, डीसी नंतर हीच ठेवा. बॅटरी असेल तर तिचा स्विच वेगळा बंद करावा लागतो. मेन बंद झाल्यावर बॅटरीवाला इन्व्हर्टर घरातल्या काही सर्किटना वीज देत राहतो, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

दोन्ही स्विचना कुलूप आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावा, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवा. खाली कुणीतरी ‘लाइट का गेली’ म्हणून ब्रेकर वर करणारच, असं धरूनच चाला. इन्व्हर्टर लगेच उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते; ती उतरायला किती वेळ लागतो ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं, साधारण पाच मिनिटं किंवा जास्त.

घरमालकाचं काम इथे संपतं. पुढचं मोजमाप प्रशिक्षित इलेक्ट्रिशियननेच करावं. तरी ते कसं व्हायला हवं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणजे समोरचा माणूस घाई करत असेल तर त्याला थांबवता येईल.

‘शून्य’ खरंच शून्य आहे का?

आधी प्रवाह. केबल न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. फक्त एसीचा क्लॅम्प डीसी केबलवर कायम शून्यच दाखवतो, आणि त्या खोट्या शून्यावर विसंबून कनेक्टर ओढला की आर्क होतो. क्लॅम्प लावायचा तो जो कनेक्टर उघडायचा आहे त्याच्याच केबलवर, खाली आयसोलेटरजवळ नाही.

कारण समजून घ्या. समजा, तिसऱ्या पॅनलनंतरची केबल घासून धातूच्या फ्रेमला लागली आहे, आणि सातव्यानंतरचीही. आता मधली चार पॅनल फ्रेममधून स्वतःचंच वर्तुळ पूर्ण करतात. आयसोलेटर बंद असूनही त्या चार पॅनलच्या केबलमधून कडक उन्हात बारा-तेरा अँपिअर वाहत राहतात, तर स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांवर क्लॅम्प शून्य दाखवतो. मधला कनेक्टर उघडला की आर्क ठरलेला. असा प्रवाह दिसला तर काहीही न उघडता खाली या आणि अंधार पडेपर्यंत थांबा.

मग व्होल्टेज. मीटर आणि त्याच्या वायरी त्या स्ट्रिंगच्या व्होल्टेजला पुरतील अशा, निदान १००० व्होल्ट डीसीच्या असाव्यात. लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहिलेली नाही हे बघा, नाहीतर व्होल्टेज मोजताना मीटरच शॉर्ट होतो. आधी माहीत असलेल्या चालू जागी मीटर तपासा, मग हवं ते मोजा, आणि शेवटी परत त्याच चालू जागी तपासा. मधेच मीटर बिघडला असेल तर तो या तिसऱ्या तपासणीतच पकडला जातो.

प्लस-मायनसमध्ये मोजून झालं की दोन्ही टोकं अर्थिंगशीही मोजायची. निरोगी स्ट्रिंगमध्ये हे आकडे स्थिर राहत नाहीत, हळूहळू उतरतात. मायनस ते अर्थ १४७ आणि प्लस ते अर्थ ३४३ असे पक्के आकडे आले, तर बेरीज ४९० होते आणि १४७ म्हणजे बरोबर तीन पॅनल. बिघाड मायनसकडून तिसऱ्या पॅनलनंतर आहे. एकच जागा लागली असेल तर हा हिशोब चालतो.

रॅपिड शटडाउन काय करतं, काय नाही

रॅपिड शटडाउन म्हणजे पॅनल छतावरच तोडण्याची सोय. त्यासाठी प्रत्येक पॅनलमागे एक छोटं उपकरण बसवतात. खालून केबलवरून सतत एक सिग्नल येत असतो. एसी बंद झाला की तो थांबतो आणि उपकरणं आपापलं पॅनल स्ट्रिंगपासून तोडतात. अमेरिकेच्या विद्युत संहितेत २०१४ पासून अशी अट आहे. २०१७ च्या आवृत्तीनुसार पॅनलच्या क्षेत्राबाहेरची केबल ३० सेकंदांत ३० व्होल्टच्या आत यावी लागते, तर क्षेत्राच्या आत एक मार्ग ८० व्होल्टच्या आत आणण्याचा आहे. मायक्रोइन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलपाशीच छोटा इन्व्हर्टर असलेल्या सिस्टीममध्ये स्ट्रिंगचं मोठं डीसी व्होल्टेज मुळातच नसतं.

पण पॅनल आणि त्याच्यामागचं उपकरण यांच्यातली वितभर केबल तरीही ४९ व्होल्टवर राहते. आणि उपकरण बिघडू शकतं, म्हणून वर्षातून एकदा भर उन्हात शटडाउनचं बटण दाबून इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. बंद झाल्यावर दर पॅनलला एक व्होल्ट ठेवणारी उपकरणं असतील तर दहा पॅनलवर १० व्होल्ट दिसायला हवेत. ५८ दिसले तर नऊ नीट तुटली आहेत आणि एक तुटलेलं नाही. ४९० दिसले तर यंत्रणाच काम करत नाही.

धूर दिसला तर

छतावर जाऊ नका, पाणी मारू नका. सगळ्यांना बाहेर काढा. स्विच धुरापासून दूर आणि सहज हाताशी असेल तरच आधी रॅपिड शटडाउनचं बटण किंवा एसी ब्रेकर बंद करा, मग डीसी. अग्निशमन दलाला फोनवरच सांगा की छतावर सोलर आहे, शटडाउनची सोय आहे की नाही, आणि बॅटरी कुठे आहे. हीच माहिती मीटरजवळ मोठ्या अक्षरांत, पॅनलचा नकाशा काढून लावलेली असावी.

आग विझल्यावर जळालेली, फुटलेली पॅनलही उन्हात वीज देतात आणि त्यांच्या केबलचं आवरण गेलेलं असतं. ती रबरी हातमोजे आणि मीटर घेतलेल्या जाणकारानेच उतरवायची. रात्री काम केलं तरी उघडी टोकं सुटी करून एकेक गुंडाळून ठेवावी लागतात, कारण सूर्य उगवला की तीच टोकं पुन्हा जिवंत होतात.