एकूण साठा जुळतो, पण बॅच जुळत नाही: एक्स्पायरी परत येत होती, त्यावर उपाय

आमचं मेडिकल निपाणीत. काही माल बेळगावच्या होलसेलरकडून येतो, काही कोल्हापूरच्या. अडचण अशी की मुदत संपलेला माल पाठवला की ‘ही बॅच आमच्या बिलात नाही’ म्हणून परत यायचा. वैताग आला होता.

एकूण साठा पुन्हा मोजला, सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक ॲडजस्ट केला, उपयोग शून्य. कारण एकूण आकडा बरोबरच होता. पँटोप्रॅझोल 40 च्या संगणकात 12 स्ट्रिप, कपाटातही 12. पण संगणकात जुन्या बॅचच्या 8 आणि नवीच्या 4, तर कपाटात जुन्या 3 आणि नव्या 9. सॉफ्टवेअर बिलात आपोआप नवी बॅच धरत होतं, हात मात्र पुढची जुनी स्ट्रिप उचलायचा.

आधी विक्री थांबवून, संगणक न बघता, स्ट्रिपवरची बॅच आणि मुदत वाचून मोजणी केली. मग बॅचनिहाय फरक दुरुस्त केला. त्यानंतर प्रत्येक बॅचचं खरेदी बिल काढून, ज्याचं बिल त्याच्याच नावाच्या खोक्यात माल ठेवला. एकच बॅच दोघांकडून आली असेल तर ज्याने जेवढ्या दिल्या तेवढ्याच त्याला. शेवटी परतीच्या चलनावर मूळ बिल नंबर लिहिला आणि क्रेडिट नोट मिळाली.

आता बिल करताना स्ट्रिपवरची बॅच बघूनच निवडतो.